दोनशे अक्षरं आणि दोनशे किलो जांभळं

तर झालं असं की, मार्च महिन्यातल्या एका रविवारी मी मस्तान नाक्यावरच्या टपरीवर चहा पीत मोबाइल चाळत बसले होते. समोरून गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग, मागे पालघरला जाणाऱ्या रिक्षावाल्यांचा आरडाओरडा आणि माझ्या हातात लिंक्डइन. एका फ्रोझन फूडवाल्या युनिटच्या मालकांचं प्रोफाइल सापडलं. मी खूश! अंगठा `Connect`वर गेला, बटण दाबलं आणि रिक्वेस्ट गेलीसुद्धा. कोरी. ना नाव, ना गाव, ना कारण. मोबाइलवर नोट लिहायची सोय बहुतेक वेळा त्या बटणात नसते. शेजारच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत `Personalize invite` म्हणून लपलेली असते, हे मला त्यानंतर दहा मिनिटांनी कळलं. घाबरून मी ती रिक्वेस्ट मागे घेतली. मग दुसरा धडा मिळाला. मागे घेतलेल्या रिक्वेस्टच्या माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा रिक्वेस्ट पाठवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका रिक्वेस्टचं एवढं टेन्शन कशाला? तर त्यासाठी तुम्हाला आमच्या घरामागे यावं लागेल.

मनोरच्या अलीकडे आमची 14 जांभळाची झाडं आहेत. आजोबांनी लावलेली. जांभळाची फांदी ठिसूळ असते, वर चढून हलवलीत की कडकन मोडते. म्हणून झाडाभोवती बांबूची परांची बांधायची आणि तिच्यावर उभं राहून हाताने फळं तोडायची. बाबा आज 58 वर्षांचे आहेत आणि अजूनही स्वतः परांचीवर चढतात. मेअखेर ते जून, असा सगळा तीन-चार आठवड्यांचा खेळ. तोडलेलं जांभूळ दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी पाणी सोडतं. ज्या दिवशी आमची तोड जास्त, त्या दिवशी सगळ्यांचीच जास्त. मग व्यापारी रेट पाडतो, वरून पहिला पाऊस आला की उरलेलं फळ खाली चिखलात. गेल्या वर्षी एका प्लॉटिंगवाल्याने झाडांसकट जमीन मागितली. बाबा नाही म्हणाले, पण या वेळचं त्यांचं 'नाही' जरा हळू होतं. ते मला ऐकू आलं.

मी बोईसरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत परचेसला आहे. रोज स्कूटीवरून जाते, दिवसभर ड्रम, बॅग, लेबल यांचे रेट मागते. त्यामुळे डोक्यात हिशेब सोपा होता. फळ टिकत नाही ना? मग गोठवू. गोठवायचं मशीन आपल्याला परवडत नाही ना? मग ज्याच्याकडे आहे आणि त्या दिवसांत रिकामं आहे, त्याला गाठू. फळ आमचं, मशीन त्यांचं, किलोमागे मजुरी. आमच्या एमआयडीसीत याला जॉबवर्क म्हणतात. जमलं तर पुढे भागीदारी.

माणूस हवा होता. आणि माणसापर्यंत जायला होती ती नोट.

मागे घेतलेल्या त्या रिक्वेस्टनंतर मी शहाणी झाले आणि दुसऱ्या एका प्रोसेसिंगवाल्यांना नोट लिहूनच पाठवली. अगदी सूटबूट घालून लिहिली: "नमस्कार सर, मी एक नवउद्योजिका असून जांभळाच्या व्यवसायात भागीदारीच्या संधी शोधत आहे. आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीशी जोडलं जायला आवडेल." दोन दिवसांनी रिक्वेस्ट स्वीकारली गेली. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जवळजवळ ओरडलेच. खाली उत्तर होतं: "कॅरेटचा रेट सांगा."

त्यांना वाटलं, मी जांभळं विकतेय. चूक त्यांची नव्हतीच. 'संधी', 'भागीदारी', 'अनुभवी व्यक्ती' या शब्दांतून त्यांनी काय समजायचं होतं? त्यांच्याकडे रोज येणाऱ्या नोटांपैकी बहुतेक विकणाऱ्यांच्या असणार, म्हणून त्यांनी मला त्याच खोक्यात टाकलं. मी खुलासा लिहिला, पण तोवर त्यांचा रस संपला होता. नोटेत जे रिकामं सोडाल ते समोरचा स्वतःच्या सवयीने भरतो, हे मी तिथे शिकले.

त्या रात्री मी उलटं करून पाहिलं. परचेसला असल्यामुळे माझ्याच खात्यात तीसेक रिक्वेस्ट पडून होत्या. मी स्वतः कोणाला हो म्हणते? एकेक उघडत गेले. कोऱ्या रिक्वेस्टकडे मी बघतच नव्हते. 'आपलं प्रोफाइल पाहून प्रभावित झालो'वाल्यांना मी मनातल्या मनात हसत होते, कारण माझ्या प्रोफाइलमध्ये प्रभावित होण्यासारखं काही नाही. फक्त एकीला मी लगेच उत्तर दिलं होतं. तिने लिहिलं होतं की तुमच्या कंपनीने 25 किलोच्या बॅगसाठी चौकशी काढल्याचं कळलं, आमच्याकडे आतून लायनर असलेली बॅग आहे, दोन नमुने पाठवू का? एवढंच. मला तिच्यासाठी विचार करावा लागला नाही. 'हो, पाठवा' लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात. हिने मलाच का गाठलं? आणि आता मी काय करायचं? पहिल्याचं उत्तर असं हवं की तीच नोट दुसऱ्या कोणालाही पाठवता येऊ नये. दुसऱ्याचं उत्तर असं हवं की 'हो' किंवा 'नाही' म्हणायला एक मिनिट पुरावं.

खरं सांगू? हे बाबांना कधीपासून माहीत आहे. परांचीला बांबू कमी पडले की ते शेजारच्या काकांकडे जातात. तिथे जाऊन ते 'आपण एकमेकांना सहकार्य करूया' म्हणत नाहीत. म्हणतात, "तुमच्या पडवीत सहा बांबू उभे आहेत ते पाहिले. दोन दिवसांसाठी देता का? शुक्रवारी आणून देतो." काय पाहिलं, किती हवं, किती दिवस. काकांना नाही म्हणायलाही अवघड जात नाही, आणि म्हणूनच बहुतेक वेळा ते हो म्हणतात.

मग मी नोट लिहायचं सोडून शोधायला लागले. आठवडाभर फक्त वाचलं. कंपनीच्या पानापेक्षा माणसांच्या पोस्ट वाचल्या, कारण कंपनीचं पान जाहिरात असते आणि माणसाच्या पोस्टमध्ये त्याची अडचण असते. कोणाला गाठायचं हेही ठरवावं लागलं. मोठ्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला रिकाम्या मशीनचं काही पडलेलं नसतं. प्लांट सांभाळणाऱ्याला त्याची माहिती असते, पण बाहेरचा माल घ्यायचा निर्णय बऱ्याचदा त्याच्या हातात नसतो. मला हवा होता लहान युनिटचा असा मालक जो स्वतःच प्लांटवर उभा असतो.

अशा एक बाई सापडल्या. वाड्याच्या बाजूला त्यांचं मटार आणि मक्याचे दाणे गोठवायचं लहान युनिट. त्यांनी हिवाळा संपताना एक फोटो टाकला होता, धुऊन पुसून ठेवलेल्या मशीनचा, आणि मराठीत लिहिलं होतं की मटारचा हंगाम संपला, आता मे-जूनमध्ये फ्रीझर रिकामा, विजेचं बिल मात्र चालूच. त्या पोस्टला जेमतेम सात-आठ लाइक होते. मला मात्र त्यात आमची 14 झाडं दिसली.

आता नोट. इथे लिंक्डइनची मोजपट्टी आड येते. फुकटच्या खात्याला नोटेसाठी 200 अक्षरांची जागा मिळते, पैसे भरणाऱ्यांना 300. शिवाय फुकटच्या खात्यातून अशा नोटा महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गंमत आणखी आहे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते मशीन एक मोजत नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'जॉबवर्कने' या शब्दात डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, मोजणीत ती नऊ होतात. म्हणजे मराठीतली नोट वाटते त्यापेक्षा लवकर भरते. माझा चुलतभाऊ म्हणाला, "इंग्लिशमध्ये लिही ना, जागा जास्त आणि इम्प्रेशनही." पण बाईंच्या सगळ्या पोस्ट मराठीत होत्या. जो माणूस ज्या भाषेत आपली अडचण सांगतो, त्याला त्याच भाषेत विचारावं, असं माझं मत पडलं.

पहिला मसुदा दुप्पट लांब झाला. मग कात्री सुरू केली. आधी स्वतःची ओळख गेली. 'मी बोईसरला परचेसमध्ये आहे' हे माझ्या नावाखाली दिसतंच, ते नोटेत सांगून जागा का घालवायची? मग स्तुती गेली. 'आपलं काम प्रेरणादायी' काढलं, कारण त्यांची पोस्ट मी वाचलीय हे सांगण्यातच मान आहे. मग 'भागीदारी' गेली. आमच्याकडे भागीदारी म्हटलं की स्टॅम्पपेपर, नफा-तोटा आणि भावाभावांतली भांडणं आठवतात. अनोळखी माणसासमोर पहिल्याच वाक्यात तो शब्द ठेवला की समोरचा खुर्ची मागे सरकवतो.

एक गोष्ट काढताना मात्र जिवावर आलं. मसुद्यात मी 'जीआय मानांकन असलेली जांभळं' असं लिहिलं होतं. आमच्या जवळच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आमची झाडं त्याच हवेत वाढलीत. बाबांनी नोट वाचली आणि एवढंच म्हणाले, "आपली झाडं बहाडोलीत आहेत का गं?" नाहीत. आणि ते नाव मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. पुढे कधीतरी त्या बाईंनी कागद मागितला असता तर? नोटेतला प्रत्येक ठोस तपशील म्हणजे एक वचन असतं. ते वाक्य गेलं.

आकडा मात्र आला. आधी 'थोडी फळं' लिहिलं होतं. थोडी म्हणजे किती? पाच किलो की पाच टन? माझ्या हिशेबाने दोन दिवसांची चांगली तोड म्हणजे 200 किलो. एवढं बिघडलं तर आम्ही सोसू शकतो आणि त्यांचाही फार वेळ जात नाही. शेवटी प्रश्न. 'कळवावे' असं लिहिलं असतं तर तो हुकूम झाला असता. 'गोठवून पाहता येईल का' म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहते. आपल्या मराठीतली नम्रता 'कृपया' आणि 'अमूल्य वेळ' यांच्यापेक्षा या 'येईल का'मध्ये जास्त असते.

शेवटी उरलं ते असं (मॅडमच्या आधी त्यांचं नाव होतं, ते इथे गाळलंय):

"नमस्कार मॅडम, मटारानंतर मे-जूनमध्ये फ्रीझर रिकामा असतो ही तुमची पोस्ट वाचली. मनोरजवळ आमची जांभळाची 14 झाडं आहेत. 200 किलो फळ जॉबवर्कने गोठवून पाहता येईल का, यावर दहा मिनिटं बोलाल का?"

नाव धरूनही 200च्या आत. नाव त्या स्वतः जसं लिहितात तसंच ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं. आणि या वेळी नोट ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवली (लंच टाइममध्ये हं!). तिथे `Add a note` समोर दिसतं, अंगठा घसरायची भीती नाही.

पाठवायच्या आधी मी कॅलेंडर काढून बसले. समजा 1 एप्रिलला पाठवली आणि दोन आठवडे वाट पाहिली, तर 15 एप्रिल. उत्तर नाही म्हणून मागे घेतली की तीन आठवडे बंदी, म्हणजे 6 मे. पुन्हा नोट, पुन्हा वाट, तोवर परांची बांधायची वेळ. म्हणजे एका हंगामात एका माणसाला एकच नोट. म्हणून ठरवलं की उत्तर नाही आलं तरी ती मागे घ्यायची नाही. नुसती पडून राहू द्यायची आणि दरम्यान दुसरं युनिट शोधायचं. पडून राहिलेली रिक्वेस्ट माणूस महिन्याने लॉगइन झाल्यावरही स्वीकारतो, आणि सहा महिन्यांनी ती आपोआप संपते. कोणी नाकारली तर तुम्हाला कळवलं जात नाही. त्यामुळे रोज उघडून बघण्यात अर्थ नसतो. (मी रोज बघत होते, ती गोष्ट वेगळी.)

चौथ्या दिवशी रिक्वेस्ट स्वीकारली गेली. सोबत तीन प्रश्न. फळ धुऊन आणणार का? बी आम्ही काढायची की तुम्ही? तोडल्यापासून किती तासांत माझ्या गेटवर पोहोचेल? मी ते वाचलं आणि हायसं वाटलं. प्रश्न कामाचे आले, म्हणजे नोट बरोबर पोहोचली होती. आधीचं 'रेट सांगा' म्हणजे नोट चुकीच्या खोक्यात पडल्याची खूण होती. आणि समजा रिक्वेस्ट स्वीकारून त्या गप्प बसल्या असत्या, तर मी समजले असते की नोटेत ओळख होती पण प्रश्न नव्हता.

दहा मिनिटांचा फोन चाळीस मिनिटं चालला. आणि पहिलंच उत्तर 'नाही' होतं! मटार ज्या पट्ट्यावरून सुटे सुटे गोठतात, त्यावर जांभूळ त्या घेणार नव्हत्या. "जांभळाचा रंग पट्ट्याला धरतो. माझा पुढचा मका जांभळा निघाला तर मी कोणाला दाखवू?" माझा चेहरा पडला असणार, फोनवर कळला बहुतेक. मग त्याच म्हणाल्या की त्यांच्याकडे एक लहान गोठवण खोली आहे, तिच्यात ट्रेमध्ये पसरून फळ गोठवता येईल. वेळ जास्त लागेल, पण 200 किलो बसतील. हा 200चा आकडा नोटेत नसता तर हा पर्याय त्यांना सुचलाच नसता, कारण एक टनासाठी ती खोली पुरत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी पहाटे पाचला तोड सुरू केली. फळ निवडून, धुऊन, टेम्पोत घालून दुपारच्या आत गेटवर. सगळं काही फिल्मी झालं नाही. शेवटचे काही ट्रे आम्ही नीट कोरडे न करता लावले, त्यातल्या फळांचा दगडासारखा एकच गठ्ठा झाला. तो घरी आणून आईने सरबताला वापरला. बाकीचं जांभूळ मात्र सुटं, टणक, रंगाला अगदी आपलं. गणपतीत एक पिशवी उघडली. बाबांनी एक तोंडात टाकलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग जीभ बाहेर काढून आरशात बघितली. जांभळी!

पुढच्या हंगामासाठी बाई आता 500 किलोचं बोलतायत, आणि किलोमागच्या मजुरीवर आमची घासाघीस चालू आहे. 'भागीदारी' हा शब्द अजून कोणीच उच्चारलेला नाही. प्लॉटिंगवाल्याचा फोन परत आला होता. या वेळी बाबांचं 'नाही' पडवीपर्यंत ऐकू आलं.

मी एकदा बाईंना विचारलं, तुम्हाला रोज इतक्या रिक्वेस्ट येतात, माझ्याच नोटेला उत्तर का दिलंत? त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही किलो लिहिले होतेत. बाकीचे सगळे 'मोठी संधी' लिहितात. आता मोठी संधी माझ्या खोलीत मावते का, ते मला कसं कळणार?"